हायब्रिडची बॅटरी भरत का नाही, रिकामी का होत नाही आणि म्हणूनच का टिकते

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा:

«हायब्रिड घेण्याआधी हे वाचा. 1) मोबाईल दिवसातून एकदा चार्ज होतो तरी तीन वर्षांत बॅटरी जाते. हायब्रिडची बॅटरी दिवसातून शंभर वेळा चार्ज-डिस्चार्ज होते, ती कशी टिकेल? 2) बॅटरी जेमतेम सव्वा युनिटची, त्यातलीही अर्धी कंपनी वापरूच देत नाही. पैसे पूर्ण, माल अर्धा. 3) घाट उतरताना बॅटरी फुल दाखवते आणि इंजिन ओरडायला लागतं, म्हणजे सिस्टीम खराब. 4) कधीच फुल चार्ज होत नाही म्हणून मेमरी इफेक्टने मरते. 5) आठ वर्षांची वॉरंटी संपली की नवव्या वर्षी लाखांचा खड्डा.»

हे उत्तर स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे, म्हणजे जी गाडी थोडं अंतर नुसत्या मोटरवर चालते आणि जिला बाहेरून चार्जर लावावा लागत नाही तिच्याबद्दल. उदाहरणाला टोयोटा प्रियसच्या 2003 साली आलेल्या दुसऱ्या पिढीची बॅटरी घेतली आहे. या प्रकारच्या बॅटरीचा इतका दीर्घ अनुभव दुसऱ्या फारशा गाड्यांत नाही. ती निकेल-मेटल हायड्राइडची आहे. तिच्यात 1.2 व्होल्टचे 168 सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकूण 201.6 व्होल्ट आणि 6.5 अँपिअर-तास. गुणाकार केला की सुमारे 1,310 वॉट-तास येतात, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 1.3 युनिट. आपल्याकडच्या इनोव्हा हायक्रॉसमध्येही याच रसायनाचे 168 सेल आहेत, त्यामुळे पुढचा हिशेब परक्या गाडीचा वाटायचं कारण नाही.

पहिला मुद्दा: चक्र किती खोल, ते आधी बघा

सिग्नलला गाडी थांबते तेव्हा बॅटरीत किती वीज जाते? माणसांसकट 1,600 किलोची गाडी ताशी 50 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 13.9 मीटरने चालली आहे असं धरू. तिची गतिज ऊर्जा ½ × 1600 × 13.9² एवढी, म्हणजे सुमारे 1,54,000 ज्यूल. 3,600 ने भागलं की 43 वॉट-तास. यातला काही भाग हवा आणि टायर खातात, काही ब्रेकचे पॅड खातात, काही मोटर आणि इन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जातो. बॅटरीपर्यंत ढोबळमानाने 25 वॉट-तास पोचतात. 1,310 पैकी 25 म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं कमीच. सिग्नल सुटला की गाडी पुढे ढकलायला तेवढेच परत बाहेर येतात. हायब्रिडच्या बॅटरीचं नेहमीचं चार्ज-डिस्चार्ज म्हणतात ते हे.

आता दावा करणाऱ्याच्या बाजूने प्रामाणिकपणे बेरीज करून बघू. दिवसाला असे 60 थांबे धरले तर 60 वेळा दोन टक्के म्हणजे रोज एका पूर्ण चक्रापेक्षा थोडी जास्तच वीज आत-बाहेर होते. शंभर थांबे धरले तर जवळजवळ दोन चक्रांइतकी. म्हणजे नुसती वीज मोजली तर ही बॅटरी मोबाईलपेक्षा खरोखरच जास्त राबते. झीज आत-बाहेर झालेल्या विजेच्या प्रमाणात होत असती तर दाव्याचा निष्कर्षही बरोबर ठरला असता. पण झीज त्या प्रमाणात होत नाही. चूक नेमकी इथे आहे.

तार नव्वद अंशात वाकवून सरळ करत राहा, दहा-वीस वेळांत तुटते. तीच तार दोन अंश हलवत राहिलात तर हजारो वेळांनी काही होत नाही. बॅटरीच्या आतही असंच घडतं. निकेल-मेटल हायड्राइड सेलच्या ऋण बाजूला मिश्रधातूची पूड असते. चार्ज होताना ती हायड्रोजन शोषून फुगते, डिस्चार्ज होताना सोडून आकसते. पूर्ण फुगणं-पूर्ण आकसणं झालं की कणांना तडे जातात, नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि सेलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तो गंजू लागतो. त्या गंजण्यात द्रावणातलं पाणीही खर्च होतं. धन बाजूचा निकेल हायड्रॉक्साइडही असाच फुगतो-आकसतो. पण दोन टक्क्यांच्या चक्रात दोन्ही बाजू जेमतेम श्वास घेतात. त्यामुळे तळापासून माथ्यापर्यंत वापरलेली बॅटरी काहीशे ते हजारभर चक्रं देते, आणि तसल्याच रसायनाची बॅटरी दोन-तीन टक्क्यांच्या चक्रांत लाखांच्या घरात जाते.

या लाखांच्या आकड्याला जुना आधार आहे. अमेरिकेचा ऊर्जा विभाग आणि तिथल्या मोटार कंपन्या यांच्या फ्रीडमकार कार्यक्रमाने मोटरची नुसती मदत घेणाऱ्या हायब्रिडच्या बॅटरीसाठी किमान उद्दिष्टं ठरवली होती: 25 वॉट-तासांची 3,00,000 चक्रं, 15 वर्षांचं आयुष्य, आणि प्रत्यक्ष वापरायला फक्त 300 वॉट-तास. वर सिग्नलच्या हिशेबात आलेले 25 आणि हे 25 जुळतात, कारण दोन्ही हिशेब एकाच घटनेचे आहेत. रोज 60 थांब्यांनी 3,00,000 चक्रं व्हायला साडेतेरा वर्षं लागतात.

मोबाईलची तुलना मुळातच चुकते. मोबाईल आपण शंभर टक्क्यांपर्यंत भरतो, पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत उतरवतो आणि रात्रभर उशीजवळ गरम ठेवतो. बॅटरीला जे जे सोसत नाही ते सगळं त्याच्या वाट्याला येतं.

दुसरा मुद्दा: राखून ठेवलेली बॅटरी वाया गेलेली नसते

प्रियसच्या या बॅटरीचा संगणक चार्जची पातळी साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या आत ठेवतो आणि 60 च्या आसपास परत आणत राहतो. रोजच्या वापरात तर ती त्याहूनही अरुंद पट्ट्यात फिरते. डॅशबोर्डवरच्या आठ पट्ट्या या वापराच्या पट्ट्याच्या असतात, अख्ख्या बॅटरीच्या नव्हे. सगळ्या पट्ट्या भरल्या म्हणजे बॅटरी शंभर टक्के भरली असं नाही, आणि एकच उरली म्हणजे ती रिकामी झाली असंही नाही.

या बॅटरीकडे टाकी म्हणून बघितलं की हा व्यवहार तोट्याचा वाटतो. पण ती टाकी नाही. ती 21 किलोवॉटपर्यंत वीज देते. त्या वेगाने अख्खी बॅटरी चार मिनिटांतच संपेल. 40 युनिटांच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतून तेवढीच वीज काढली तर ती जवळजवळ दोन तास चालेल. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी अंतरासाठी असते, हायब्रिडची बॅटरी काही सेकंदांच्या जोरासाठी असते. गाडी केव्हा ब्रेक मारेल आणि केव्हा जोर मागेल हे आधी कळत नाही, म्हणून बॅटरीत प्रत्येक क्षणी थोडी जागाही लागते आणि थोडा साठाही लागतो. दोन्ही एकाच वेळी भरपूर असतात ते फक्त मध्यावर.

वरच्या टोकाला काय होतं ते बघा. सेल भरत आला की धन बाजूला चार्ज साठण्याऐवजी पाण्यातून ऑक्सिजन निघू लागतो. तो पडद्यातून पलीकडे जाऊन ऋण बाजूला परत जिरतो, पण त्यात उष्णता निघते. हळू चार्जिंगला हे चालून जातं. ब्रेक मारल्यावर शंभर अँपिअर एकदम आत येतात तेव्हा ऑक्सिजन जिरण्याच्या वेगापेक्षा निघण्याचा वेग जास्त होतो. दाब वाढतो, सुरक्षा झडप उघडते आणि वायूबरोबर सेलमधलं पाणी कायमचं जातं. सुकलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो, रोध वाढला की तो जास्त तापतो, आणि तापला की आणखी सुकतो. एकदा हे चक्र सुरू झालं की माघार नाही.

खालच्या टोकाचा धोका वेगळा आहे. 168 सेल एका रांगेत असतात आणि ते तंतोतंत सारखे कधीच नसतात. सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे 167 त्याच्यातून विद्युतप्रवाह ढकलतच राहतात. मग त्या सेलचे धन-ऋण उलटे होतात, हायड्रोजन निघतो आणि तिथेही झडपच उघडते. एकूण व्होल्टेज बघणाऱ्याला हे कळतही नाही, कारण दोनशेतून एक-दीड व्होल्ट कमी झाला तर फार काही वाटत नाही.

तळाला साठा राखण्याचं आणखी एक साधं कारण आहे. या गाडीच्या इंजिनाला नेहमीचा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवून सुरू करते ती हायब्रिडचीच एक मोटर, आणि तिला वीज मिळते याच मोठ्या बॅटरीतून. ती खरोखर रिकामी झाली तर टाकीत पेट्रोल असूनही गाडी सुरू होणार नाही. म्हणून पेट्रोल संपल्यावर नुसत्या बॅटरीवर गाडी रेटत पंपापर्यंत न्यायचा हट्ट करू नये. खालच्या राखीव साठ्याला हात लावायची ती सगळ्यात सोपी वाट आहे.

शिवाय चार्जची पातळी मोजणंही अवघड असतं. या रसायनाचा व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सपाट राहतो. 45 टक्के आणि 65 टक्के यांत व्होल्टवरून फरक करणं कठीण जातं. संगणक आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रवाह मोजून अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजात चूक साठत जाते. दोन्ही टोकांना सोडलेली जागा ही चूकही झेलते. त्या जागेचे पैसे वाया जात नाहीत, त्यांच्याच जोरावर बॅटरी वर्षानुवर्षं टिकते.

लिथियम-आयन हायब्रिडलाही हाच नियम लागू होतो, कारणं मात्र वेगळी. अर्बन क्रूझर हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये 0.76 युनिटची लिथियम-आयन बॅटरी आहे, म्हणजे प्रियसहूनही लहान. भरलेल्या लिथियम सेलमध्ये द्रावण धन बाजूला हळूहळू विघटित होतं, ऋण बाजूवरचा थर जाड होत जातो, आणि त्याच अवस्थेत जोरात चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून बसतं. मध्यावर ठेवलं की तिन्ही गोष्टी मंदावतात. चार्जर लावायच्या प्लग-इन हायब्रिडचा हिशेब मात्र निराळा. शेव्हरोले व्होल्टच्या 16 युनिटांपैकी सुमारे 10 वापरायला मिळत. तिथे बॅटरीकडून अंतराची अपेक्षा असते म्हणून पट्टा रुंद ठेवावा लागतो, आणि तरीही तो पूर्ण नव्हता हे लक्षात घ्या.

तिसरा मुद्दा: खंडाळ्याचा घाट आकड्यांत

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. 1,600 किलोच्या गाडीसाठी 1600 × 9.8 × 550 म्हणजे 86 लाख ज्यूल, अर्थात 2.4 युनिट. टायर आणि हवा यांत पाऊण-एक युनिट गेलं असं धरलं तरी दीड युनिटाच्या आसपास उरतं. बॅटरी 60 टक्क्यांवर असेल तर 80 पर्यंत जागा किती? 1.31 च्या 20 टक्के, म्हणजे पाव युनिट. दीड युनिट यायला निघालंय आणि जागा पाव युनिटाची. पहिल्या दोन-तीन वळणांतच डॅशबोर्डवरच्या सगळ्या पट्ट्या भरतात.

त्यानंतर संगणक बॅटरीत वीज घ्यायचं जवळजवळ बंद करतो. उरलेली ऊर्जा कुठेतरी घालवायलाच हवी, म्हणून तो पेट्रोल न देता इंजिन फिरवतो. इंजिन नुसती हवा ओढतं-दाबतं आणि गाडीला मागे खेचतं, साध्या गाडीत दुसऱ्या गिअरवर उतरताना होतं तसंच. आवाज मोठा येतो, पण तेव्हा पेट्रोल जळत नसतं. तो आवाज म्हणजे वरची मर्यादा पाळली जात असल्याची खूण. त्या वेळी इंजिन गप्प राहिलं आणि बॅटरी घेतच राहिली असती तर वर सांगितलेला ऑक्सिजन, दाब आणि झडपेचा प्रकार सुरू झाला असता.

चालवणाऱ्याने करायचं ते एवढंच: लीव्हरला B हे स्थान असेल तर मोठा उतार लागताच ते लावावं. इंजिनाचा अटकाव आधीपासून मिळतो आणि ब्रेकचे पॅड तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र B ठेवू नये, जी ऊर्जा बॅटरीत जाऊ शकली असती ती विनाकारण इंजिनात जाते.

चढताना याच्या उलट दिसतं. बोरघाट चढून वर येईतो पट्ट्या दोन-तीन उरतात, मोटरची मदत कमी होते आणि इंजिन थोडी वीज बॅटरीसाठी काढून ठेवतं. ही खालची मर्यादा.

चौथा मुद्दा: मेमरी इफेक्टमधलं खरं-खोटं

निकेलच्या बॅटऱ्या सतत अर्धवट वापरल्या की त्यांचा व्होल्टेज थोडा लवकर घसरू लागतो, हे खरं आहे. त्यामुळे जुन्या कॉर्डलेस फोनला «आधी पूर्ण उतरवा, मग चार्ज करा» असं सांगितलं जायचं. पण त्या फोनला शेवटच्या थेंबापर्यंतची क्षमता हवी असायची. हायब्रिडचा संगणक ती कधी मागतच नाही. त्याला मध्यावर काही सेकंदांचा जोर हवा असतो, आणि तो बॅटरीच्या अंतर्गत रोधावर ठरतो. शिवाय हा परिणाम बऱ्याच अंशी परतवता येतो. सुकलेला सेल परतत नाही.

याच गैरसमजावर एक धंदा चालतो: «बॅटरी पूर्ण उतरवून, फुल चार्ज करून नवी करून देतो». पूर्ण उतरवून सावकाश भरल्याने क्षमता काही काळ सुधारते आणि सेल एका पातळीवर येतात. पण रोध वाढलेल्या सेलला त्याने काही होत नाही. म्हणून अशी गाडी काही महिन्यांत त्याच तक्रारीसह परत येते. तसंच 28 मॉड्यूलपैकी एक बदलून देण्याचं. प्रत्येक मॉड्यूलमध्ये सहा सेल असतात. नवं मॉड्यूल जुन्या सत्तावीसांत बसवलं की क्षमता आणि रोध जुळत नाहीत, आणि थोड्या दिवसांनी जुन्यांतलं पुढचं अशक्त मॉड्यूल बोलायला लागतं. घरी हे करून बघू नका. 200 व्होल्टचा एकदिश प्रवाह जीव घेतो. नारिंगी केबलच्या पलीकडे हात घालायचा तो प्रशिक्षित माणसाने, सर्व्हिस प्लग काढून, इन्सुलेटेड हातमोजे घालूनच.

पाचवा मुद्दा: वॉरंटी आणि आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी

टोयोटा भारतात हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तेवढी वॉरंटी देते. वॉरंटी ही कंपनी किती जोखीम घेते याची रेषा असते, बॅटरी त्या तारखेला संपते असा तिचा अर्थ नाही. अमेरिकेतल्या कंझ्युमर रिपोर्ट्सने 2011 साली सुमारे 2,08,000 मैल, म्हणजे 3,35,000 किलोमीटर चाललेली 2002 ची प्रियस मूळ बॅटरीसकट तपासली. नवी असताना तशाच गाडीने त्यांच्या चाचणीत गॅलनला 40.6 मैल दिले होते, या जुन्या गाडीने 40.4 दिले. एका गाडीवरून सगळ्यांचं भविष्य सांगता येत नाही, पण «नवव्या वर्षी» या शब्दाला यातून आधार मिळत नाही.

म्हणजे या बॅटऱ्या मरत नाहीत असं अजिबात नाही. क्षमता हळूहळू कमी होतेच. फक्त ती कमी झाल्याचं बराच काळ जाणवत नाही, कारण वापर मधल्या पट्ट्यापुरताच असतो. जाणवतं तेव्हा असं: आठ पट्ट्यांवरून दोनवर आणि परत आठवर बॅटरी काही मिनिटांत ये-जा करते. मोठ्या बादलीऐवजी तांब्या आल्यासारखं, चटकन भरतो आणि चटकन रिकामा होतो. त्याबरोबर बॅटरीचा पंखा मोठ्याने फिरायला लागतो, थांबलेल्या गाडीत इंजिन वारंवार सुरू होतं आणि ॲव्हरेज घसरतं.

जुनी हायब्रिड घेताना एक सोपी परीक्षा करता येते. गाडी अर्धा तास चालवून इंजिन गरम होऊ द्या. मग P मध्ये, READY स्थितीत, एसी मध्यम ठेवून उभी करा. एसी स्थिरावल्यावर आणि बाकीची उपकरणं धरून गाडी एक किलोवॉटच्या आसपास घेत असेल, तर बॅटरीच्या दहा टक्क्यांत, म्हणजे 130 वॉट-तासांत, सात-आठ मिनिटं निघायला हवीत. इंजिन पाच ते दहा मिनिटांनी सुरू होत असेल तर ठीक. मिनिट-दीड मिनिटात सुरू होऊन परत बंद होत असेल तर बॅटरी आकसली आहे. भर उन्हात उभी असलेली गाडी सुरुवातीला जास्त वीज खाते, म्हणून केबिन गार झाल्यावरच मोजा.

शंका उरली तर स्कॅनर लावणाऱ्याकडून ब्लॉकनिहाय व्होल्टेज बघून घ्या. या प्रियसमध्ये दोन-दोन मॉड्यूलचे 14 ब्लॉक असतात, प्रत्येकात 12 सेल आणि 14.4 व्होल्ट. नुसत्या उभ्या गाडीवरचा आकडा बघून चालत नाही. जोराने गाडी उचलताना आणि ब्रेक लावताना, दोन्ही वेळा बघावं लागतं. चांगल्या बॅटरीत चौदाही आकडे एकत्र वर-खाली होतात. एकच ब्लॉक उचलताना सगळ्यांपेक्षा खाली आणि ब्रेकला सगळ्यांपेक्षा वर जात असेल तर त्याचा रोध वाढला आहे. एखादा ब्लॉक कायमच सुमारे 1.2 व्होल्टने खाली असेल तर त्यातला एक सेल मेला आहे. संगणकाच्या लक्षात आलं की तो P0A80 हा कोड नोंदवतो आणि डॅशबोर्डवर इशारा लावतो.

पण त्याआधी एक घोटाळा टाळा. या गाडीत साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरीही असते आणि ती इतर गाड्यांतल्यासारखी काही वर्षांनी जातेच. ती गेली की डॅशबोर्ड मंद होतो, रिले टकटक करतात आणि READY उमटत नाही. लोक म्हणतात «हायब्रिडची बॅटरी गेली». दुसऱ्या गाडीवरून 12 व्होल्टचा जंप दिल्यावर गाडी नीट सुरू झाली तर मोठी बॅटरी बहुतेक निर्दोष आहे.

मधला पट्टा संगणक सांभाळतो. गाडीवाल्याने सांभाळायच्या गोष्टी तीन आहेत, आणि वेळेआधी गेलेल्या बॅटरीमागे यांतली एखादी बऱ्याचदा सापडते.

पहिली उष्णता. ही बॅटरी केबिनमधली हवा पंख्याने ओढून गार होते. सीटजवळ किंवा सीटखाली एक जाळी असते. मॅन्युअलमध्ये बॅटरीच्या एअर इनटेक व्हेंटचं चित्र शोधा आणि तिथे बॅग, चादर, कुत्र्याचे केस, शेंगदाण्याची टरफलं काही साठू देऊ नका. मागे फिल्टर असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला व्हॅक्यूमने साफ करून घ्या. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. तिथे बंद गाडीत बसल्याबसल्या काच थोडी उघडून गरम हवा बाहेर काढा आणि एसी लावा, कारण तुम्ही ज्या हवेत बसता तीच हवा बॅटरीला जाते. मधल्या रांगेतले सेल कडेच्या सेलपेक्षा जास्त तापतात आणि बहुतेक वेळा आधी तेच जातात. फिल्टर तुंबला की हा फरक वाढतो.

दुसरी N. सिग्नलला किंवा रांगेत उभं असताना साध्या गाडीच्या सवयीने काही जण न्यूट्रल टाकतात. N मध्ये ही गाडी बॅटरी चार्ज करू शकत नाही, आणि एसी मात्र बॅटरीतूनच चालत राहतो. टोलनाक्यावर वीस मिनिटं असं बसलं की पातळी खालच्या मर्यादेखाली जाऊ शकते. थोडा वेळ थांबायचं तर D मध्ये ब्रेकवर थांबा, जास्त वेळ असेल तर P. P मध्ये गरज पडली की इंजिन आपोआप सुरू होऊन बॅटरी भरतं.

तिसरी गोष्ट महिनोन्‌महिने उभी गाडी. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते आणि प्रत्येक सेल वेगळ्या वेगाने उतरतो. गाडी उभी असताना मधला पट्टा राखायला कोणी नसतं. टोयोटाची मॅन्युअलं सांगतात की काही महिन्यांतून एकदा तरी किमान अर्धा तास किंवा 16 किलोमीटर गाडी चालवावी. परदेशी जाणाऱ्यांनी किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून महिन्यातून एकदा एक चक्कर मारायला सांगावी. नुसती जागेवर सुरू करून पाच मिनिटांत बंद केली तर फार उपयोग होत नाही, 12 व्होल्टची बॅटरीही त्यात नीट भरत नाही.